लोलकांचा खटाटोप कशासाठी?

 एका चिकित्सक वाचकांनी एक पेच टाकला आहे. त्यांचा सवाल असा की, गॅलिलिओच्या १६०९ सालच्या रचनेत बहिर्गोल वस्तुभिंगामागे अंतर्गोल नेत्रभिंग ठेवताच प्रतिमा आपोआप सुलटी दिसते आणि नळीही आखूड होते, तर मग द्विनेत्री दुर्बिणीत लोलक बसविण्याचा खटाटोप कशासाठी?

दोन्ही विधाने खरी आहेत. २० सेंटिमीटर नाभ्यंतराचे वस्तुभिंग आणि २.५ सेंटिमीटरचे नेत्रभिंग घेतल्यास वर्धन आठपट होते. गॅलिलिओच्या रचनेत किरण नाभीत मिळण्यापूर्वीच अंतर्गोल भिंग त्यांच्या वाटेत आडवे येत असल्यामुळे नळीची लांबी दोन नाभ्यंतरांच्या वजाबाकीइतकी, म्हणजे १७.५ सेंटिमीटर भरते. केप्लरने १६११ साली सुचविलेल्या दोन बहिर्गोल भिंगांच्या रचनेत ती बेरजेइतकी, म्हणजे २२.५ होते, आणि वर चित्र उलटे ते उलटेच.

मात्र सवालात दृष्टिक्षेत्राचा उल्लेख नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. केप्लरच्या रचनेत सर्व दिशांचे किरण नेत्रभिंगाबाहेरच्या एका लहानशा प्रकाशचकतीतून जातात व तेथे डोळ्याची बाहुली सहज नेता येते. गॅलिलिओच्या रचनेत ती चकती नळीच्या आतच पडते, डोळा तेथे पोहोचत नाही आणि कडेचे किरण बाहुली चुकवून फाकतात. उपरोक्त नळीला ४ सेंटिमीटर व्यासाचे वस्तुभिंग लावून नेत्रभिंगामागे सेंटिमीटरभर अंतरावर डोळा ठेवला, तर जेमतेम एक अंश, म्हणजे १०० मीटरांवरील सुमारे २ मीटर रुंदीचाच देखावा दिसेल. आठपटीच्या लोलकी दुर्बिणीत तो १२ मीटरांच्या आसपास असतो. गॅलिलिओची रचना तीनपटीच्या नाट्यगृही दुर्बिणीपुरतीच उरली, ती याच कारणाने.

इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ साली, केप्लरची रचना कायम राखून, दोन काटकोनी लोलक परस्परांशी काटकोनात मधे बसविले. एक वरखाली उलटापालट करतो, दुसरा डावेउजवे, आणि प्रकाशाची वाट मागेपुढे दुमडल्यामुळे लांबीही आटोपते. येनाच्या त्साइस कारखान्याने १८९४ साली अशा द्विनेत्री दुर्बिणी बाजारात आणल्या.

लोलकांना पारा लावावा लागत नाही, कारण ४५ अंशांनी आतून आदळणारा किरण काचेतच संपूर्ण परावर्तित होतो. परंतु सामान्य काचेत संपूर्ण परावर्तनाची मर्यादा ४१ अंशांच्या सुमारास असल्याने वस्तुभिंगाकडून येणाऱ्या प्रकाशशंकूच्या कडेचे तिरके किरण निसटतात. दुर्बीण हातभर दूर, आकाशाकडे धरून नेत्रभिंगावर तरंगणारी चकती पाहावी. ती गोल न दिसता करड्या कडांनी चौकोनी भासली, तर लोलकांची काच हलक्या प्रतीची समजावी.