फॅमिली प्लॅनचा कर्ता कोण?

गुगल वनचा प्लॅन सहा जणांत वाटून घेता येतो. एक ‘फॅमिली मॅनेजर’ आणि जास्तीत जास्त पाच सभासद. पैसे मॅनेजरच्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून कापले जातात आणि सभासदाला घ्यायचं की काढायचं, हे फक्त तोच ठरवू शकतो. बाकीच्यांना बाहेर पडता येतं, पण प्लॅन बंद करता येत नाही.

समजा, वडिलांनी २०० जीबीचा प्लॅन घेतला. सहाही जागा भरल्या, त्यांतली एक पुतण्याला दिली. आता घरात सून आली, म्हणून पुतण्याला काढायचं ठरलं. काढणं हे एका बटणाचं काम. गोची पुढे होते. पुतण्याचे फोटो आणि मेल मिळून ४८ जीबी भरलेले आहेत आणि गटाबाहेर पडताच त्याच्या हाती उरतात ते फुकटचे १५ जीबी. जुनं काही लगेच पुसलं जात नाही, पण नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं-जाणं थांबतं. पाठवणाऱ्याकडे मेल परत जातो, पुतण्याला मात्र त्याचा पत्ता नसतो. त्यात नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणंही असू शकतं. हीच स्थिती दोन वर्षं राहिली, तर साठवलेलं सगळं पुसण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते.

म्हणून काढण्याआधी एक फोन करावा. पुतण्याने फोटो उतरवून घ्यावेत किंवा बाहेर पडताक्षणी स्वतःचा प्लॅन घ्यावा. ‘कुटुंबाशी वाटून घेणं’ बंद करायची सोय आहे खरी, पण ती सगळ्यांसाठी एकदमच बंद होते. एकट्या पुतण्यापुरती नाही.

याहून अवघड प्रश्न मॅनेजर बदलण्याचा. वडिलांना ही जबाबदारी मुलीकडे सोपवायची असेल, तर तसं बटणच नाही. आहे तो गट मोडायचा, मुलीने नवा उभा करायचा आणि सगळ्यांना पुन्हा बोलवायचं. त्यातही एका माणसाला एका वेळी एकाच गटात राहता येतं आणि गट बदलणं बारा महिन्यांतून एकदाच. मुलीच्या गटात आज आलेल्याला महिन्याभराने तिसरीकडे जाता येणार नाही. घरातल्या भांडणांचा वेग या नियमाला ठाऊक नसावा!

प्लॅन बंद करतानाही गल्लत होते. ॲप काढून टाकलं किंवा गट मोडला, म्हणून पैसे कापणं थांबत नाही. ज्या खात्यावरून प्लॅन घेतला त्याच खात्याने प्ले स्टोअर उघडून, सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन तो रद्द करावा लागतो. आईच्या फोनवर कितीही शोधलं तरी तो दिसणार नाही. रद्द केल्यावरही भरलेली मुदत संपेपर्यंत जागा वापरता येते. सामान हलवायचं ते तेवढ्या दिवसांत.

नवा गट करणार असाल, तर पैसे कोण देतं यापेक्षा पुढची दहा वर्षं ते खाते कोण सांभाळेल, ते आधी ठरवा.