साक्रीच्या लॉजवर पस्तीस रात्री

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालचं शिवार फडांमध्ये वाटलेलं असतं आणि एका फडात सगळे शेतकरी मिळून एकच पीक घेतात. पाणी फिरवायला पाटकरी असतो, पिकाची राखण करायला जागल्या. ही फड पद्धत आज कुठे आणि कशी टिकून आहे, हे वर्षभर हिंडून लिहून काढावं असं मला वाटत होतं. मी कुठल्याही विद्यापीठात नोकरीला नव्हतो. तेव्हा एकट्या अभ्यासकाला मिळते तशी फेलोशिप मागणं हाच मार्ग होता.

अर्जातला विषय, आजवरचं काम, वाचलेली पुस्तकं हे सगळं मी महिनाभर खपून लिहिलं. खर्चाचं टिपण शेवटच्या संध्याकाळी. कमाल मर्यादा ३,६०,००० रुपये होती, म्हणून तिथूनच उलटा हिशोब केला: मानधन २,४०,०००, प्रवास ६०,०००, पुस्तकं ४०,०००, क्षेत्रकार्य २०,०००. बेरीज बरोबर मर्यादेइतकी. अर्ज नामंजूर झाला. निवड समितीचा अभिप्राय एका ओळीचा होता: ‘खर्चावरून कामाची कल्पना येत नाही.’

त्या वेळी मला तो अन्याय वाटला. पुढे इतरांचे असे अर्ज वाचायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा ती ओळ पटली. विषयाबद्दल सगळेच छान लिहितात. अर्जदार रोज सकाळी उठून नक्की कुठे जाणार, कोणाला भेटणार, किती दिवस थांबणार, हे मात्र फक्त खर्चाच्या टिपणात दिसतं. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला हे सांगणारं एक वाक्य लागतं. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या कामाचा विचार अजून झालेला नाही असं समजावं.

दुसऱ्या वर्षी मी तोच विषय घेऊन पुन्हा बसलो. या वेळी सुरुवात कॅलेंडरपासून केली. फेलोशिप ऑक्टोबरला सुरू होणार होती. रब्बीची पेरणी नोव्हेंबरात, पाण्याच्या पाळ्या जानेवारीत, गव्हाची काढणी मार्चमध्ये, पावसाळ्याआधी पाट साफ करण्याचं काम मेच्या अखेरीस, आणि खरीप उभा असतानाची एक खेप ऑगस्टमध्ये. अशा पाच खेपा, प्रत्येक आठ दिवसांची. म्हणजे ४० दिवस आणि ३५ रात्री. प्रवास, मुक्काम, जेवण, सोबतीचा माणूस हे सगळे आकडे या दोन संख्यांमधून निघाले.

प्रवासाचा हिशोब मग पाच मिनिटांत झाला. पुण्याहून धुळ्याला एसटीने जाऊन-येऊन १,२०० रुपये, धुळ्याहून साक्रीला जाऊन-येऊन २००. पाच खेपांचे ७,०००. आदल्या वर्षी मी इथे ६०,००० मांडले होते. ‘प्रवास’ म्हटलं की आपल्या मनात मोठी रक्कम येते, पण एकट्या माणसाचा एसटीचा प्रवास मुळात स्वस्त असतो. महाग पडतं ते तिथे पोचल्यावरचं राहणं आणि फिरणं, आणि ते क्षेत्रकार्यात येतं. या दोन शीर्षांची सरमिसळ ही मी वाचलेल्या अर्जांतली सर्वांत नेहमीची चूक आहे. घरापासून अभ्यासाच्या गावापर्यंतचा प्रवास एका शीर्षाखाली आणि त्या गावाच्या आसपासची हिंडफिर दुसऱ्या, असं सुरुवातीलाच लिहून टाकलं की गोंधळ होत नाही.

क्षेत्रकार्याला वेळ लागला. साक्रीला लॉजची खोली ७०० रुपयांनी, ३५ रात्रींचे २४,५००. जेवण-चहा दिवसाला ३०० प्रमाणे १२,०००. बंधाऱ्यांची गावं एकमेकांपासून लांब आणि पाट रस्त्याला धरून जात नाही, त्यामुळे मोटरसायकल हवीच. प्रत्येक खेपेत प्रत्यक्ष शिवारात जाण्याचे सहा दिवस, म्हणजे एकूण ३०. दिवसाला साधारण ६० किलोमीटर, पेट्रोल आणि गाडीची झीज धरून किलोमीटरला पाच रुपये: ९,०००.

आणि सोबतीचा माणूस. मी पुण्याचा. तिकडचे म्हातारे शेतकरी माझ्याशी मराठीत बोलतात, पण आपसात अहिराणीत बोलतात, आणि पाण्याचं भांडण अहिराणीतच होतं. अहिराणी बोलणारा, गावात ओळख असलेला तरुण दिवसाला ६०० रुपयांनी ३० दिवस, म्हणजे १८,०००. शिवाय पंचवीस मुलाखती तासातासाच्या धरल्या होत्या. तासाभराचं ध्वनिमुद्रण ऐकून शब्द न् शब्द उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, बोलीभाषेत त्याहून जास्त. हे काम मी स्वतः केलं असतं तर चुकीचं केलं असतं. मुद्रणाच्या तासाला ८०० रुपये धरले, २०,००० झाले.

बेरीज ८३,५००. ज्या शीर्षाखाली आदल्या वर्षी मी २०,००० लिहिले होते, तेच मानधनाखालोखाल सर्वांत मोठं निघालं. समितीने मला का नाकारलं, ते त्या रात्री वहीत समोरासमोर दिसलं.

पुस्तकांचं उलट झालं. मी आधी ४०,००० मागितले होते, कारण अभ्यासक म्हणजे पुस्तकं, असा माझा समज. यादी करायला बसल्यावर कळलं की खानदेशचं १८८० सालचं इंग्रजी गॅझेटियर सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसून वाचायला पैसे नाहीत, वेळ लागतो. विकत घ्यायलाच हवीत अशी पुस्तकं १०,००० रुपयांत बसली. पण त्या शीर्षाखाली न दिसणारा एक खर्च होता: पुण्याच्या पुरालेखागारात बंधाऱ्यांच्या दुरुस्तीसंबंधीचे मोडी कागद शोधायचे होते आणि मला मोडी जेमतेम लागते. जाणकाराकडून ६० पानांचं लिप्यंतर, पानाला १५० प्रमाणे ९,०००. प्रतींसाठी ५,०००. एकूण २४,०००. पुस्तकांची यादी अर्जाला जोडली, नावासह आणि किमतीसह. ‘ग्रंथखरेदी’ असा एकच आकडा पाहिला की परीक्षकाला हा माणूस स्वतःचं कपाट भरतोय असं वाटतं.

मानधनाबद्दल लोक दोन प्रकारे चुकतात. काही जण संकोचापोटी ते कमी लिहितात, आणि सहाव्या महिन्यात शिकवण्या घ्यायला लागतात. काही जण मनाला येईल तो आकडा टाकतात. त्यापेक्षा एखादा जाहीर दर धरावा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या वरिष्ठ फेलोशिपमध्ये महिन्याला २०,००० रुपये मिळतात, कनिष्ठमध्ये १०,०००. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली. मी पहिला दर धरला आणि तसं लिहिलं. मानधन हे घर चालवण्यासाठी असतं, त्याच्या पावत्या सहसा मागत नाहीत; बाकी शीर्षांच्या मागतात. म्हणून रोजचं जेवण मानधनात आहे की क्षेत्रकार्यात, हेही स्पष्ट करावं. मी लिहिलं: ‘पुण्यातील जेवणखर्च मानधनातून, फक्त साक्रीतील ४० दिवसांचा येथे.’ बऱ्याच संस्था मानधन हे व्यावसायिक शुल्क धरून १० टक्के कर आधीच कापतात. विवरणपत्र भरून तो परत मिळू शकतो, पण तोवर हातात १८,०००च येतात.

सगळं मिळून ३,५४,५०० झाले. उरलेले ५,५०० ‘आकस्मिक’ या नावाखाली ढकलायचा मोह झाला होता. त्याऐवजी ज्यांच्या ओट्यावर बसून ऐकायचं त्यांना त्यांच्या छायाचित्रांच्या छापील प्रती आणि दोन मेमरी कार्डं, असं लिहिलं. नव्या कॅमेऱ्याची किंमत मी घातली नाही. टिकाऊ वस्तूंना अशा योजनांत बहुधा परवानगी नसते, आणि असली तरी फेलोशिप संपल्यावर वस्तू कोणाची, हा प्रश्न उरतो.

दोन गोष्टी मात्र मला काम सुरू झाल्यावर कळल्या. पहिली हप्त्यांची. पैसे एकदम येत नाहीत, आणि शेवटचा हप्ता अहवाल दिल्यावर येतो. म्हणजे ऑगस्टची खेप आधीच्या पैशांतून करावी लागते. पाट साफ करायला गाव मेमध्ये उतरतं, ते आपल्या हप्त्यासाठी थांबत नाही. मी पहिल्या हप्त्यातले २०,००० वेगळे काढून ठेवले, म्हणून निभावलं. कोणत्या महिन्यात किती लागतील, हे चार ओळींत टिपणाला जोडता येतं, आणि ऐकणारी संस्था हप्ते त्याप्रमाणे पाडूनही देते.

दुसरी पावत्यांची. लॉजची पावती मिळते, पेट्रोलची मिळते. पाटावरच्या चहाची आणि सोबत्याच्या रोजाची मिळत नाही. त्यासाठी साधं व्हाउचर: तारीख, गाव, काय काम, रक्कम, सही. एका वेळी दिलेली रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. मी पहिल्या खेपेची व्हाउचरं पुण्याला परत आल्यावर करायला बसलो आणि दोन दिवसांचा रोज कोणत्या गावचा, हेच आठवेना. दुसऱ्या खेपेपासून रोज रात्री जेवणाआधी वही उघडायची, असं ठरवलं.

मुलाखतीला बोलावलं तेव्हा समितीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी विषयावर काहीच विचारलं नाही. खर्चाचं पान त्यांच्यापुढे होतं आणि ‘साक्री, लॉज, ३५ रात्री’ या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारलेली होती. म्हणाल्या, “जागल्या राखण रात्री करतो ना? मग तुम्ही त्याला भेटणार कधी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथेच कबूल केलं. त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं आणि दुरुस्त करून आणायला आठ दिवस दिले. मी लॉजच्या दहा रात्री कमी केल्या आणि त्या गावात घातल्या. ज्यांच्या घरी पडवीत झोपायचं त्यांना रात्रीला ३०० रुपये. दहा रात्रींमागे ४,००० वाचले. ते सोबत्याच्या रात्रपाळीच्या रोजाकडे वळवले, कारण अंधारात पाटाच्या कडेने मला एकट्याला चालता आलं नसतं. बेरीज तीच राहिली, ३,६०,०००. जानेवारीच्या खेपेत तिसऱ्या रात्री जागल्याने आम्हाला शेकोटीपाशी बसवलं आणि त्याचा वाटा त्याला कोणत्या फडातून किती मिळतो, हे काडीने मातीत रेघा ओढून दाखवलं.