बाराव्या प्रश्नाची कैफियत

परीक्षेचा निकाल जाहीर झाला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कपाटात जातात. परंतु ज्या प्रश्नांच्या आधारे विद्यार्थ्यांची पारख झाली, ते प्रश्न स्वतः पारख करण्यास योग्य होते की नव्हते, याची तपासणी करण्याचा शिरस्ता फारच थोड्या ठिकाणी पाळला जातो. वास्तविक ही तपासणी दुष्कर नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक प्रश्नास कोणता पर्याय निवडला, हे नमूद केलेला एक तक्ता तिला पुरतो.

उदाहरणादाखल चाळीस विद्यार्थ्यांचा एक वर्ग आणि बहुपर्यायी अशा वीस प्रश्नांची गणिताची चाचणी घेऊ. तक्त्यातील प्रत्येक ओळ एका विद्यार्थ्याची आणि प्रत्येक स्तंभ एका प्रश्नाचा. उत्तर बरोबर असल्यास 1, चूक असल्यास 0. सातव्या प्रश्नाचे उत्तर चाळिसांपैकी तेविसांना आले, म्हणजे त्याचे काठिण्यमूल्य 0.58 झाले. हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

परंतु किती जणांना उत्तर आले यापेक्षा कोणाला आले, ही बाब मला अधिक मोलाची वाटते. त्यासाठी एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने ओळी लावून वरचे सत्तावीस टक्के आणि खालचे सत्तावीस टक्के विद्यार्थी वेगळे काढतात. हे प्रमाण ट्रूमन केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1939 साली गणिताने समर्थित केले. दोन गटांतील अंतर मोठे राहावे आणि गटही फार लहान होऊ नयेत, या दोन परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ त्यात साधतो. आपल्या वर्गात प्रत्येक गटात अकरा जण येतात. सातवा प्रश्न वरच्या अकरांपैकी नऊ जणांनी आणि खालच्या अकरांपैकी तिघांनी सोडवला. यास्तव त्याचे भेदनमूल्य सहा भागिले अकरा, म्हणजे 0.55. संगणकावरील तक्त्यात पहिली ओळ शीर्षकाची आणि पहिला स्तंभ नावांचा असेल, तर हे काम एका सूत्रात होते:

```
=AVERAGE(H2:H12)-AVERAGE(H31:H41)
```

रॉबर्ट एबल यांच्या प्रचलित मानदंडाबरहुकूम 0.40 च्या वरचा प्रश्न उत्तम आणि 0.20 च्या खालचा सदोष किंवा निरुपयोगी ठरतो.

आता बारावा प्रश्न पाहू. आयताची लांबी 20 टक्क्यांनी वाढवली आणि रुंदी 20 टक्क्यांनी कमी केली, तर क्षेत्रफळाचे काय होईल? चाळिसांपैकी सोळा जणांचे उत्तर बरोबर धरले गेले; काठिण्यमूल्य 0.40, म्हणजे संशय यावा असे त्यात काहीच नाही. परंतु वरच्या गटातील केवळ तिघे आणि खालच्या गटातील सहा जण त्या सोळांत आहेत! भेदनमूल्य उणे 0.27. जो प्रश्न अभ्यासू विद्यार्थ्यांना दंड आणि कच्च्यांना बक्षीस देतो, त्याच्यात कोठेतरी मूलभूत दोष असलाच पाहिजे, आणि तो शोधण्यासाठी 1 आणि 0 यांच्या मागे जाऊन मूळ पर्यायांची अक्षरे पाहावी लागतात. उत्तरसूचीत ‘ख’, म्हणजे क्षेत्रफळ बदलत नाही, असे छापले होते. वरच्या गटातील सात जणांनी मात्र ‘ग’, म्हणजे क्षेत्रफळ 4 टक्क्यांनी घटते, हा पर्याय निवडला होता. 1.2 गुणिले 0.8 म्हणजे 0.96, विद्यार्थी बरोबर होते आणि उत्तरसूची चूक होती.

सूची दुरुस्त केल्यावर खालच्या गटातील दोघेच बरोबर ठरले, आणि त्याच गटांवर भेदनमूल्य 0.45 झाले. एकंदर बरोबर उत्तरे मात्र सोळांची सतराच झाली, म्हणजे काठिण्यमूल्य 0.43. केवळ काठिण्यमूल्यावर विसंबणाऱ्या परीक्षकास ही चूक कधीच दिसली नसती. अर्थात दुरुस्तीनंतर सर्वांचे गुण पुन्हा मोजून गटही नव्याने पाडले पाहिजेत, कारण चुकीच्या सूचीने विद्यार्थ्यांचा क्रमच थोडाफार बिघडवलेला असतो.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. अकरांच्या गटात एका विद्यार्थ्याचे उत्तर बदलले की भेदनमूल्य 0.09 ने सरकते. म्हणून लहान वर्गात 0.18 आणि 0.27 यांतील फरकावर फार भिस्त ठेवू नये. चाळिसांपैकी एकोणचाळीस जणांना आलेला प्रश्न भेद करूच शकत नाही, तथापि तो मूलभूत संकल्पनेवर असेल तर तो काढून टाकण्याचेही कारण नाही. शेवटच्या प्रश्नांपाशी बरीच घरे कोरी दिसली, तर दोष प्रश्नाच्या काठिण्याचा नसून अपुऱ्या वेळेचा असण्याचा संभव अधिक. म्हणून कोरे घर आणि चूक उत्तर यांची नोंद निरनिराळी ठेवावी.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच की, पुढील चाचणीच्या वेळी तक्त्यात केवळ गुण न भरता निवडलेल्या पर्यायाचे अक्षर भरावे, आणि उणे भेदनमूल्याचा प्रत्येक प्रश्न निकाल जाहीर करण्यापूर्वी उत्तरसूचीशी पुन्हा ताडून पाहावा.