एक सेवा संथ, सारे संकेतस्थळ ठप्प

पुस्तके विकणारे एखादे मोठे संकेतस्थळ ग्राहकाला एकसंध दिसत असले, तरी पडद्यामागे ते अनेक छोट्या, स्वतंत्र सेवांचे मिळून बनलेले असते. शोध, किंमत, साठा, वाचकांचे अभिप्राय अशी प्रत्येक कामाची सेवा निराळी. या रचनेला 'मायक्रोसर्व्हिस' म्हणतात. एक सेवा बिघडली तरी बाकीच्या चालू राहाव्यात, ही त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात मात्र अभिप्रायांसारखी दुय्यम सेवाही सारे संकेतस्थळ बंद पाडू शकते आणि तेही स्वतः बंद न पडता, केवळ संथ होऊन.

हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पान तयार करणाऱ्या सर्व्हरपाशी २०० 'थ्रेड', म्हणजे एका वेळी एकेक मागणी हाताळणारे २०० कामकरी आहेत. सेकंदाला १०० मागण्या येतात आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागते. म्हणजे एका वेळी सरासरी २० थ्रेड गुंतलेले असतात, १८० मोकळे. आता समजा, सेकंदाला २० मागण्यांना अभिप्राय लागतात आणि ती सेवा उत्तराला अचानक ३० सेकंद लावू लागली. या मागण्यांना आता २० गुणिले ३०, म्हणजे ६०० थ्रेड हवेत. मोकळे १८० थ्रेड नऊ-दहा सेकंदांतच अडकून पडतात. मग अभिप्रायांशी काडीचाही संबंध नसलेल्या उरलेल्या ८० मागण्याही रांगेत ताटकळतात. सेवा पूर्ण बंद असती, तर 'जोडणी नाही' असा नकार बहुधा तत्काळ मिळाला असता आणि थ्रेड मोकळा झाला असता. म्हणूनच मेलेल्या सेवेपेक्षा रेंगाळणारी सेवा अधिक घातक ठरते. अशा वेळी सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसतो, पण थ्रेड मात्र सगळे व्यग्र असतात. या दुखण्याची हीच खूण.

यावरचे दोन उपाय मायकेल नायगार्ड यांच्या २००७ सालच्या 'रिलीज इट!' या पुस्तकामुळे रूढ झाले. पहिला 'बल्कहेड'. जहाजाच्या पोटात आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात, ते एका कप्प्यात शिरलेले पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. त्याच न्यायाने अभिप्राय सेवेसाठी एका वेळी फक्त १० थ्रेड राखून ठेवायचे. एरवी तिला ०.१ सेकंद लागत असेल, तर दोनच थ्रेड पुरतात, त्यामुळे १० ही सोयीची मर्यादा. सेवा रेंगाळली की अर्ध्या सेकंदात हे दहा भरतात, अकराव्या मागणीला लगेच नकार मिळतो आणि उरलेले १९० थ्रेड सुरक्षित राहतात.

पण ते दहा थ्रेड अडकलेलेच राहतात आणि आजारी सेवेवर मागण्यांचा माराही थांबत नाही. तेथे दुसरा उपाय, 'सर्किट ब्रेकर', कामी येतो. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये खुल्या केलेल्या 'हिस्ट्रिक्स' या प्रणालीतील मूळ आकडे येथे बोलके आहेत. उत्तरासाठी एक सेकंद थांबायचे, त्यानंतर मागणी अयशस्वी धरायची. दहा सेकंदांच्या अवधीत किमान २० मागण्या झाल्या आणि त्यांपैकी ५० टक्के फसल्या, की ब्रेकर उघडतो. घरच्या विजेचा ब्रेकर पडावा तसा प्रवाह तुटतो. सेवेकडे कोणी जातच नाही, पान अभिप्रायांविना झळकते. पाच सेकंदांनी एकच मागणी चाचणीसाठी सोडली जाते. ती यशस्वी झाली तर ब्रेकर मिटतो, फसली तर आणखी पाच सेकंद उघडा राहतो. हिस्ट्रिक्सचा विकास २०१८ मध्ये थांबला, पण 'रेझिलियन्स४जे'सारख्या तिच्या वारसदारांत हीच कल्पना आहे.

मात्र ही साधने बसवली म्हणजे काम झाले, असे नाही. ब्रेकर अपयश मोजतो, पण संथपणाला अपयश कधी मानायचे, हे माणसानेच ठरवावे लागते. रेझिलियन्स४जेमध्ये संथ मागणीची मर्यादा मुळात ६० सेकंदांची असते. ती तशीच ठेवली आणि प्रतीक्षेची वेगळी मर्यादाही घातली नाही, तर वरच्या उदाहरणातील ३० सेकंदांची रखडपट्टी ब्रेकरच्या लेखी सुरळीत कारभारच ठरेल. कप्प्यांचेही तसेच. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या भिंती पुरेशा उंच नव्हत्या, त्यामुळे पाणी वरून पुढच्या कप्प्यात गेले. थ्रेड वेगळे केले, पण सर्व सेवांच्या डेटाबेस-जोडण्या सामायिकच ठेवल्या, तर गत तीच होते.

शिवाय नकारानंतर काय दाखवायचे, हा प्रश्न उरतोच. अभिप्रायांची जागा कोरी ठेवता येते, पैसे भरल्याची पावती मात्र अंदाजाने देता येत नाही. तेथे ब्रेकर उघडला, की ग्राहकाला 'व्यवहार झाला नाही' असे स्पष्ट सांगणे हाच एक मार्ग असतो.