तुमची फर्म रजिस्टर्ड आहे का?

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन पाठवलं की सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. दर, साहित्य, दहा वर्षांची गॅरंटी हे सगळं बोलून झाल्यावर ते सहज विचारतात, "तुमची फर्म रजिस्टर्ड आहे ना? किती वर्षं झाली?" बहुतेक ठेकेदार चटकन सांगून टाकतात, "हो, रजिस्टर्ड आहे, पंधरा वर्षं झाली." उत्तर खोटं नसतं, पण अर्धवट असतं, आणि ते तपासायला समोरच्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आपल्याकडे 'रजिस्टर्ड' म्हणजे एकच एक नोंदणी नसते. एकट्या मालकाच्या धंद्याला, म्हणजे प्रोप्रायटरशिपला, कंपनीसारखा जन्मदाखलाच नसतो. कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच. त्याच्याकडे असतात त्या निरनिराळ्या कारणांसाठी केलेल्या नोंदी: शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, जीएसटी. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची नोंदणीही लागत नाही, फक्त सूचना द्यायची असते. यातला एकही कागद कामाच्या दर्जाची हमी देत नाही. म्हणून 'सरकारमान्य' हा शब्द लेटरहेडवरून काढून टाकलेला बरा.

आता एक उदाहरण घेऊ. एका ठेकेदाराने 2009 मध्ये स्वतःच्या नावावर काम सुरू केलं, 2018 मध्ये जीएसटी घेतला आणि 2022 मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कोटेशन कंपनीच्या लेटरहेडवर गेलं. सेक्रेटरींनी त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर Search Taxpayer मध्ये टाकला, तर नोंदणीची तारीख 2022 ची दिसली. कंपनीचा 21 अक्षरी सीआयएन पाहिला, तर त्यातही स्थापनेचं वर्ष 2022 च. मग फोनवर सांगितलेली पंधरा वर्षं गेली कुठे? त्यात जुना जीएसटी नंबर टाकला तर तिथे Cancelled असा शेरा. खरं तर यात काहीच वावगं नाही. कंपनी झाली की पॅन बदलतो. जीएसटी नंबराच्या पहिल्या दोन आकड्यांनंतरची दहा अक्षरं म्हणजे पॅनच, त्यामुळे नवा नंबर घ्यावाच लागतो आणि जुना रद्द करावा लागतो. पण हे आधी सांगितलं तर ती माहिती ठरते. सेक्रेटरींना स्वतःहून सापडलं, तर तोच ठेकेदार सारवासारव करतोय असं वाटू लागतं.

जुन्या धंद्यांची अडचण आणखी वेगळी. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला, त्यामुळे व्हॅटमधून आलेल्या कित्येकांची नोंदणी नेमक्या त्याच तारखेची दिसते, मग दुकान 1990 चं का असेना. उद्यम तर 1 जुलै 2020 पासूनचं. तिथे धंदा सुरू झाल्याची तारीखही असते, पण ती मालकाने स्वतः भरलेली असते. वय दाखवायचं असेल तर जुनी बिलं, व्हॅटचा दाखला किंवा बँक खातं उघडल्याची तारीख अधिक कामाची.

वरच्या ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिहायला हवं होतं: "साहेब, मी 2009 पासून या कामात आहे, आधी स्वतःच्या नावाने. 2022 मध्ये कंपनी केली, कोटेशन कंपनीचं आहे. सीआयएन आणि जीएसटी नंबर लेटरहेडवर आहेत, तपासून घ्या. जुना नंबर कंपनी झाल्यावर रद्द केला आहे. 2015 मध्ये केलेली गच्ची पाहायची असेल तर तिथल्या सेक्रेटरींना विचारून भेट ठरवतो." एवढं पुरे. सोबत आधार आणि पॅनच्या झेरॉक्स पाठवायची गरज नसते. कागद एकदा ग्रुपवर गेला की कुठवर फिरेल, सांगता येत नाही.

धंदा नवा असेल तरी तसंच सांगावं. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची सक्ती नाही. "अजून जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो लागणार नाही" हे वाक्य पूर्ण आणि खरं आहे. नंबर नसताना बिलात जीएसटी लावणं मात्र सरळसरळ बेकायदेशीर.

या प्रश्नामागे सेक्रेटरींची खरी काळजी असते ती अ‍ॅडव्हान्सची आणि गॅरंटीची: पाचव्या पावसाळ्यात गच्ची गळली तर कुणाला धरायचं? कंपनी ही मालकापासून वेगळी व्यक्ती असते. ती बंद पडली तर मालकावर वैयक्तिक जबाबदारी सहसा येत नाही, आणि मालकाने पूर्वी स्वतःच्या नावाने दिलेली गॅरंटी आपोआप कंपनीवर जात नाही. म्हणून वर्षं मोजून दाखवण्याआधी वर्क ऑर्डरवर गॅरंटी देणाऱ्याचं पूर्ण नाव घालावं, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या उरलेल्या गॅरंट्या कंपनीने स्वीकारल्याचं पत्र वेगळं द्यावं. नव्या सेक्रेटरींना तेही पत्र दाखवायला हरकत नाही, फक्त त्यातली नावं झाकून.