घटक ४ : वृत्तमाध्यमांतील व्यवसाय – बातमीदारी, संपादन आणि डिजिटल विभाग

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• एका बातमीवर बातमीदार, उपसंपादक आणि डिजिटल विभाग नेमके कोणते काम करतात, हे सांगता येईल.
• वृत्तव्यवसायातील सुरुवातीचे वेतन कमी का असते, याची आर्थिक कारणे स्पष्ट करता येतील.
• नोकरीचा प्रस्ताव आणि नियुक्तीपत्र पारखून पाहता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बातमीची भाषा अभ्यासली. या घटकात ती भाषा वापरून उपजीविका कशी चालते, याचा विचार करायचा आहे. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहात. त्यामुळे वृत्तपत्रात काम मिळेल का, या प्रश्नापेक्षा त्या कामावर घर चालेल का आणि तीन वर्षांनी आपल्या हाती काय उरेल, हा प्रश्न तुम्हाला अधिक जवळचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण एकाच बातमीचा प्रवास पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बातमीदार : माहितीचा उगम

उदाहरणादाखल अशी कल्पना करा : पावसाळ्यातील मंगळवार आहे. कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस सुरू आहे. पाटण तालुक्यातील बातमीदाराच्या भ्रमणध्वनीवर पाटबंधारे विभागाचा संदेश येतो – ‘सकाळी ११ वा. धरणाचे सहा वक्र दरवाजे ४ फूट. विसर्ग २०,००० क्युसेक. पायथा वीजगृह २,१०० क्युसेक.’

हा संदेश म्हणजे बातमी नव्हे. ‘दरवाजे ४ फूट’ याचा अर्थ काय? दरवाजे आधीच दोन फूट उघडे असतील, तर ते चार फुटांवर नेले की आणखी चार फुटांनी उचलले? ‘चार फुटांवर’ आणि ‘चार फुटांनी’ यांत फरक केवळ शब्दाच्या शेवटाचा आहे. पण नदीकाठच्या माणसाच्या दृष्टीने तो पाण्याच्या पातळीचा फरक आहे. चांगला बातमीदार नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करून ही शंका फेडून घेतो. नंतर पाणी कोणत्या गावापर्यंत केव्हा पोहोचेल, कोणते पूल पाण्याखाली जातात, स्थलांतराचा आदेश निघाला आहे का, हे तहसील कार्यालयाकडून आणि गावातील माणसांकडून जाणून घेतो.

त्याचे खरे भांडवल म्हणजे हे दूरध्वनी उचलणारी माणसे. ती जोडायला वर्षे लागतात आणि ती त्या तालुक्याशीच बांधलेली असतात. बातमीदाराची बदली झाली किंवा त्याने गाव सोडले, तर या भांडवलाचा मोठा भाग मागे राहतो.

येथे एक भेद लक्षात ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणचा ‘प्रतिनिधी’ बहुधा पगारी कर्मचारी असतो. तालुक्याचा किंवा गावचा ‘वार्ताहर’ मात्र अनेकदा अल्प मानधनावर काम करतो आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती मिळवून त्यावरील कमिशनवर गुजराण करतो. ज्यांच्याविषयी बातमी लिहायची, त्यांच्याकडेच जाहिरात मागायची, असा पेच त्यातून उभा राहतो. जाहिरात देणाऱ्या पुढाऱ्याविरुद्धची बातमी हात आखडता घेऊन लिहिली जाऊ लागली, की हा पेच सुटलेला नाही, असे समजावे.

४.३.२ उपसंपादक : चूक अडवणारी जागा

बातमी संध्याकाळी उपसंपादकाच्या संगणकावर येते. घाईत लिहिलेल्या मजकुरात समजा असे वाक्य आले आहे : ‘कोयनेतून २२ हजार १०० टीएमसी पाणी सोडण्यात येत आहे.’ शुद्धलेखनाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, पण अर्थाच्या दृष्टीने अशक्य आहे. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. ते साठ्याचे माप आहे. कोयना धरणाची संपूर्ण साठवण क्षमताच सुमारे १०५ टीएमसी आहे. क्युसेक हे वाहण्याच्या वेगाचे माप आहे : सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. २२,१०० क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले, तर सुमारे १.९ टीएमसी पाणी बाहेर पडते. एवढा हिशेब ज्याला सुचतो, तो उपसंपादक ही चूक छपाईपूर्वी अडवतो.

काळाच्या शब्दांचेही असेच आहे. बातमीदाराने ‘आज’ लिहिले. वाचक ते बुधवारी सकाळी वाचणार. म्हणून उपसंपादक ‘मंगळवारी’ असे लिहितो आणि पुढे तारीख देतो. दूरच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती लवकर छापली जाते, तर शहर आवृत्ती उशिरा. रात्री विसर्ग वाढला, तर शहर आवृत्तीतील आकडा बदलतो आणि डाक आवृत्तीतील जुनाच राहतो. अशा वेळी आकड्याबरोबर ‘सायंकाळी सहापर्यंत’ असे बंधन घालणे हाच प्रामाणिक उपाय असतो.

उपसंपादकाची पाळी साधारणपणे दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालते. लहान मुले किंवा आजारी माणसे घरी असणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. त्याचे नाव बातमीवर छापले जात नाही. मात्र त्याचे कौशल्य कोणत्याही एका गावाशी बांधलेले नसते. अनुवाद, प्रकाशनसंस्थेतील मुद्रितशोधन, पाठ्यपुस्तकांचे संपादन अशा कामांत तेच कौशल्य उपयोगी पडते.

४.३.३ डिजिटल विभाग : शीर्षक आणि वेळ

हीच बातमी संकेतस्थळावर मंगळवारी सव्वाअकरालाच जायला हवी. येथे काम करणारा बातमीचे शीर्षक बदलतो, कारण छापील पानावर शीर्षकाला छायाचित्र, स्थळ आणि शेजारच्या बातम्या यांचा आधार असतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शीर्षक एकटेच फिरते. ‘विसर्ग वाढवला’ हे छापील पानावर चालेल. पडद्यावर ‘कोयना धरणातून मंगळवारी ११ वाजल्यापासून २२,१०० क्युसेक विसर्ग’ असे लिहावे लागेल. तारीख नसलेली पुराची बातमी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फिरू लागते आणि लोकांना विनाकारण घराबाहेर काढते.

डिजिटल विभागात प्रत्येक बातमी किती जणांनी उघडली, हे तत्काळ दिसते. त्यातून वाचक कळतो, तसाच मोहही निर्माण होतो. ‘कोयना धरणाबाबत मोठी बातमी’ असे अर्धवट शीर्षक अधिक लोक उघडतील. पण ज्याला केवळ शीर्षक वाचून गुरे हलवायची आहेत, त्याची त्यात फसवणूक होते. या विभागात नोकऱ्या तुलनेने लवकर मिळतात. मात्र येथील कौशल्याचा एक भाग बाहेरच्या कंपन्यांच्या नियमांवर अवलंबून असतो. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये बातम्यांपेक्षा मित्र-आप्तांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या माध्यमावर विसंबलेल्या अनेक संकेतस्थळांचा वाचक आटला.

४.३.४ वेतन कमी का?

वरील तिन्ही कामांत जबाबदारी मोठी आहे. तरी सुरुवातीचे वेतन कमी का? याचे उत्तर वृत्तपत्राच्या किमतीत आहे. पुढील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

बारा पानी अंकाची किंमत ५ रुपये धरा. एजंट आणि विक्रेता यांचे कमिशन ३० टक्के धरले, तर संस्थेकडे ३ रुपये ५० पैसे येतात. बारा पानांना सुमारे ५० ग्रॅम कागद लागतो. वृत्तपत्राचा कागद किलोला ६० रुपये धरला, तर कागदाचाच खर्च ३ रुपये होतो. उरलेल्या पन्नास पैशांत शाई, छपाई, रात्रीची वाहतूक आणि सर्वांचे पगार बसणे शक्य नाही. म्हणजे तुमचा पगार वाचक देत नाही, जाहिरातदार देतो. म्हणूनच २०२० मध्ये टाळेबंदीत जाहिराती थांबताच पाने घटली, आवृत्त्या बंद झाल्या आणि नोकऱ्या गेल्या. अंक वाचणारे लोक मात्र तेव्हाही होतेच.

डिजिटल बाजूला कागदाचा खर्च नाही, पण उत्पन्नही क्षीण आहे. हजार वेळा पान उघडले गेल्यावर जाहिरातीचे ५० रुपये मिळतात असे धरा. मग दरमहा १८,००० रुपयांच्या एका पगारासाठी ३ लाख ६० हजार वेळा पाने उघडली जावी लागतात. डिजिटल विभागात दिवसाला ठरावीक संख्येने बातम्या देण्याचा आग्रह का धरला जातो, हे या हिशेबावरून कळेल. वाचकांकडून थेट वर्गणी घेणे हा दुसरा मार्ग काही संस्थांनी धरला आहे. त्यात जाहिरातदाराचा दाब कमी होतो. पण बातमी फुकट मिळण्याची सवय झालेला वाचक वर्गणी भरायला सहसा तयार होत नाही.

४.३.५ नियुक्तीपत्र कसे वाचावे?

वृत्तपत्रांतील पगारासाठी मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या फेब्रुवारी २०१४ मध्ये वैध ठरवल्या आणि जून २०१७ मध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू असल्याचे स्पष्ट केले. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात मिळवताना अनेकांना झगडावे लागले आहे. त्यामुळे सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पदाचे नाव. ‘उपसंपादक’ किंवा ‘प्रतिनिधी’ असे स्पष्ट पद आहे, की ‘सल्लागार’ किंवा ‘सेवा पुरवठादार’ असा मोघम शब्द आहे? दुसरी, भविष्यनिर्वाह निधीची कपात आहे का? ती नसेल, तर तुम्ही बहुधा कर्मचारी धरले गेलेले नाही. तिसरी, जाहिरात मिळवण्याचे उद्दिष्ट तोंडी किंवा लेखी दिले आहे का? चौथी, प्रवास आणि दूरध्वनीचा खर्च कोण करणार? महिना १८,००० रुपयांतून ३,००० रुपये पेट्रोलला गेले, तर तुमचे वेतन १५,००० रुपयेच आहे.

यावरून निवडीचा एक निकष हाती येतो. घराला आधार देणारे दुसरे उत्पन्न असेल आणि स्वतःच्या तालुक्यातच राहायचे असेल, तर बातमीदारीत तुमची ओळख भांडवल ठरते. भाषेवर पकड असेल आणि पुढे दुसऱ्या क्षेत्रात जाण्याची वाट मोकळी ठेवायची असेल, तर संपादन अधिक सुरक्षित आहे. डिजिटल विभागात प्रवेश सुलभ आहे; पण तेथे केवळ साधने न शिकता बातमी तपासण्याची सवय जोपासली, तरच नियम बदलल्यावरही तुमचे मोल टिकते. एकाच उत्पन्नावर घर चालत असेल, तर हातची नोकरी न सोडता आधी मुद्रितशोधन किंवा अनुवादाच्या कामाने सुरुवात करणे हा कमीपणा नव्हे, तो हिशेब आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘दरवाजे चार फुटांवर नेले’ आणि ‘दरवाजे चार फुटांनी उचलले’ या वाक्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. क्युसेक आणि टीएमसी यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
३. अंकाची किंमत ७ रुपये, कमिशन ३० टक्के आणि कागदाचा खर्च ३ रुपये असल्यास संस्थेकडे किती रक्कम उरते?

४.४ सारांश

बातमीदार माहिती मिळवून ती पारखतो, उपसंपादक तिच्यातील भाषेची आणि तथ्याची चूक अडवतो, तर डिजिटल विभाग ती योग्य वेळी, एकट्या उभ्या राहू शकणाऱ्या शीर्षकासह पोहोचवतो. या कामांतून साठणारे भांडवल अनुक्रमे स्थळाशी, भाषेशी आणि माध्यमाशी निगडित असते. वृत्तपत्राच्या विक्रीतून जेमतेम कागदाचा खर्च निघतो. पगार जाहिरातींवर अवलंबून असतो. म्हणून प्रस्ताव स्वीकारताना केवळ वेतनाचा आकडा न पाहता पद, भविष्यनिर्वाह निधी, जाहिरातीची अट आणि स्वतःच्या खिशातून होणारा खर्च यांचा विचार करावा.

४.५ क्षेत्रीय कार्य

तुमच्या भागातील एका दैनिकाचा सलग तीन दिवसांचा अंक घ्या. प्रत्येक अंकात बातम्यांनी आणि जाहिरातींनी व्यापलेली जागा स्तंभांच्या सेंटिमीटरमध्ये मोजा. सर्वाधिक जाहिराती कोणत्या प्रकारच्या जाहिरातदारांच्या आहेत, याची नोंद करा. त्या जाहिरातदारांविषयीच्या बातम्या त्याच अंकांत आहेत का आणि त्या कशा लिहिल्या आहेत, यावर दोनशे शब्दांत टिपण तयार करून संपर्कसत्रात सादर करा.