माहेरच्या नावाची ठेव

माहेरची पाटील लग्नानंतर जोशी झाली. आधार आणि पॅनवर अजून पाटीलच आहे. अशा वेळी बँक अनेकदा 'आधी आधार बदलून आणा' म्हणून परत पाठवते. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेचे केवायसी निर्देश जुन्या नावाचे ओळखपत्रही ग्राह्य धरतात. मात्र सोबत राज्य सरकारने दिलेला विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाची राजपत्रातली प्रसिद्धी हवी. लग्नपत्रिका किंवा लग्नाचे फोटो चालत नाहीत.

खरी मेख दाखल्यातच असते. त्यावर वधूचे लग्नापूर्वीचे नाव आणि पतीचे नाव असते, पण नवे पूर्ण नाव नसले तर काही शाखा राजपत्रच मागतात. महाराष्ट्रात वडिलांच्या जागी पतीचे नावही येते, म्हणून अर्जात तिन्ही नावे स्पष्ट लिहावीत. सही बदलली असेल तर नवा नमुनाही द्यावा.

बचत खात्यावर नाव बदलले की मुदत ठेवीवरही बदलतेच असे नाही. कॉलेजच्या दिवसांत वडिलांनी काढलेली ठेव बऱ्याचदा वेगळ्या ग्राहक क्रमांकाखाली असते. त्यामुळे अर्जात प्रत्येक ठेवीचा क्रमांक लिहावा आणि नव्या नावाची पावती मागावी. त्यासाठी ठेव मोडावी लागत नाही.

आडनाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही. न बदलणाऱ्या स्त्रीला यातले काहीच करावे लागत नाही.